आरशातल्या माणसाने नळ बंद केला

जाहिरातीत कोणीतरी उघड्या नळासमोर दात घासणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. ते कोणीतरी कोण, हे ठरवण्यात मात्र जलखात्याच्या बैठकांमागून बैठका गेल्या.

काम तसं किरकोळ होतं. पंधरा सेकंदांची फिल्म, बातम्यांच्या अधेमधे दाखवायची. संवाद नाहीत, म्हणजे ती कुठल्याही भाषेत चालेल. खात्याचे प्रसिद्धी अधिकारी सभ्य आणि सावध होते. एकच विनोद हवा आणि तो कोणावरही नको, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग एकेकाला वगळायला सुरुवात झाली. बाई नको, कारण पाणी बायकाच सांडतात असा अर्थ निघेल. लहान मूल नको, शाळांकडून पत्रं येतील. आजोबा नकोत, ज्येष्ठांचा अवमान होतो. नवरा नको, कारण नवरा आला की बायको आली आणि बायको आली की ती त्याला काहीतरी म्हणणार, आणि ती काय म्हणेल याला वरून मंजुरी घ्यावी लागेल. शेवटी उरला एक एकटा पुरुष. वय पन्नाशीच्या पुढे, घरात दुसरं कोणी नाही, सकाळची घाई नाही. त्याची कुठे संघटना नव्हती, त्याच्या बाजूने कोणी पत्र लिहिणार नव्हतं. म्हणून पाणी वाया घालवायची परवानगी त्याला मिळाली.

हे वर्णन वहीत उतरवून घेताना काकांना आपलंच ओळखपत्र वाचल्यासारखं वाटलं.

काका जाहिरात कंपनीत लेखक होते. कंपनी म्हणजे एका जिन्याच्या वर दोन खोल्या. त्यांना सगळे काका म्हणत, वयाने त्यांच्याहून मोठे असलेले मालकसुद्धा. काकांचा संसार फार पूर्वी सामोपचाराने आटोपला होता. सामोपचार इतका होता की कोणाला आश्चर्यही वाटलं नाही. तेव्हापासून ते एका स्वच्छ, शांत घरात राहत. तिथे ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडायची, आणि या सोयीचा त्यांना अधूनमधून फार कंटाळा यायचा.

कल्पना त्यांना बेसिनपाशीच सुचली. ते सकाळी दात घासत होते आणि नळ अर्थातच उघडा होता. ही जाहिरात आपल्यालाही लागू आहे, हे अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आरशातला माणूस त्यांच्याकडे बघत होता. हा बिचारा रोज हेच बघतो, आता वैतागला असेल, असं काकांच्या मनात आलं, आणि तोंडात फेस तसाच ठेवून ते कागद शोधायला गेले.

जाहिरातीचा कागद मधोमध रेघ मारून लिहायचा असतो. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. डावीकडे काकांनी लिहिलं: एक माणूस आरशासमोर दात घासतोय, नळ वाहतोय. आरशातलं त्याचं प्रतिबिंबही घासतंय. प्रतिबिंब थांबतं. नळाकडे बघतं, मग त्याच्याकडे बघतं. आरशातून हात बाहेर काढतं, नळ बंद करतं, हात आत घेतं आणि पुन्हा घासायला लागतं. माणूस ब्रश तोंडात धरून तसाच. उजवीकडे त्यांनी लिहिलं: पाण्याचा आवाज. ब्रशचा आवाज. पाणी थांबतं. शांतता. शेवटची तीन सेकंदं खात्याचं बोधचिन्ह आणि त्याखाली एक ओळ: घासताना नळ बंद.

म्हणजे विनोदाला उरली बारा सेकंदं. पंधरा सेकंदांची जाहिरात ही कायम बाराचीच असते. बाकीची तीन, पैसे कोणी दिले ते सांगण्यासाठी. बारा सेकंदांत हे सगळं बसतं का, हे लिहिणाऱ्याने स्वतः करून बघायचं असतं, नाहीतर कागदावर माणूस एका सेकंदात तीनदा मान वळवतो. काकांनी फोन साबणाच्या ताटलीला टेकवून ठेवला, त्यावर घड्याळ लावलं आणि घासायला लागले. थांबणं जमलं, बघणंही जमलं. आरशातून हात बाहेर यायची वेळ झाली आणि तिथे कोणीच नव्हतं. त्यांनी स्वतःचाच डावा हात पुढे करून नळ बंद केला. पण एकाच माणसाने दोघांचं काम केलं की मोजमाप चुकतं. प्रत्येक वेळी वेगळा आकडा येत होता.

ते मोजायला दुसरा माणूस हवा होता. घरात तो नव्हता, ही बातमी जुनीच होती.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेने कागद वाचला. मुलगी तरुण होती आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचताना हसायची नाही. वाचून झाल्यावर हसली तर हसायची. ती हसली, आणि मग विचारलं की हात आरशातून बाहेर काढायचा कसा.

काकांकडे उत्तर तयार होतं. आरसा लावायचाच नाही. रिकामी चौकट, तिच्या अलीकडे एक बेसिन, पलीकडे तसंच दुसरं. अलीकडे एक माणूस आणि पलीकडे त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा. हात सरळ चौकटीतून बाहेर.

"त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा कुठून आणायचा?" दिग्दर्शिका म्हणाली.

"मला जुळा भाऊ आहे," काका म्हणाले.

ते जरा जास्तच पटकन म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. इतकी वर्षं शेजारी बसणाऱ्या हिशेबनीसाने तर, इतके दिवस आपण यांतल्या नेमक्या कोणाशी बोलत होतो, असंही विचारून घेतलं. दिसतो का सेम, असं दिग्दर्शिकेने विचारलं. काकांनी सांगितलं, कार्बन कॉपी. नटांना द्यायला फारसे पैसे नव्हतेच. तेव्हा काका अलीकडे आणि भाऊ पलीकडे, असं मालकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काका आणि त्यांचा भाऊ यांच्यात भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर फार बरं झालं असतं. भांडलेल्या माणसांना निदान समेट तरी करता येतो. कोणीतरी मध्यस्थी करतं, कोणीतरी रडतं आणि गाडी रुळावर येते. यांचं तसं काहीच झालं नाही. आई होती तोवर दोघांच्या बातम्या तिच्याकडे जमा व्हायच्या आणि तिथून वाटल्या जायच्या. ती गेली आणि ते टपालखातं बंद पडलं. पहिल्या वर्षी फोन होत राहिले. मग फोन करायला काहीतरी कारण लागू लागलं. मग कारणं सुचेनाशी झाली. आता इतके दिवस उलटले होते की नुसताच फोन केला असता तर पलीकडचा घाबरून 'काय झालं' म्हणाला असता, आणि काही झालेलं नाही हे सांगताना यांना ओशाळं वाटलं असतं.

म्हणजे काकांनी जे लिहिलं होतं, ते दिसायला पाणी वाचवण्याबद्दल होतं. खरं तर ते एक कारण होतं. कितीतरी वर्षांनी सुचलेलं आणि कोणालाही दाखवता येईल असं पक्कं, बिनबोभाट कारण.

त्यांनी फोन लावला. धाकटा, म्हणजे काही मिनिटांनी धाकटा, दुसऱ्या गावात मोटार चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा, असा तो व्यवसाय. त्याने लग्न केलं नव्हतं. रोज शेजारी नवा माणूस बसतो, तो जीव मुठीत धरून आपल्यावर विश्वास टाकतो, याहून जास्त सोबत कोणाला मिळते, असं तो म्हणायचा. लहानपणी घरात हे मोठ्या आणि तो छोट्या. ती नावं बाकी सगळ्यांसाठी संपली होती, पण दोघांनी एकमेकांना दुसरी नावं कधी शोधली नाहीत.

"मोठ्या? काय झालं?" छोट्या म्हणाला.

काही झालं नाही, काम आहे, असं काकांनी सांगितलं, आणि दोघांचाही श्वास मोकळा झाला. त्यांनी जाहिरात समजावली. छोट्याने ती नीट ऐकून घेतली, हात डावा की उजवा ते विचारलं, ब्रश कोणत्या हातात तेही विचारलं, आणि मग म्हणाला की येतो. दूरध्वनीवर मागून कोणीतरी चुकीच्या वेळी गियर बदलल्याचा आवाज आला. छोट्याने त्याला क्लच दाबायला सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढचा आठवडा काकांचा चांगला गेला. त्यांनी पाहुण्यासाठी नवीन टॉवेल आणला. तो घडी न मोडता बाथरूममध्ये टांगला आणि दात घासताना त्याच्याकडे बघत राहिले.

मग खात्याची शेवटची बैठक झाली.

अधिकाऱ्यांना विनोद आवडला होता. त्यांची एकच अडचण होती: आरशातून बाहेर येणारा हात भुताचा वाटेल का, आणि वाटला तर खातं अंधश्रद्धा पसरवतंय असं कोणी म्हणेल का. काका उत्तर द्यायला निघाले, पण त्यांच्या आधी दिग्दर्शिका बोलली. ती त्या आठवड्यात कागद घेऊन बसली होती आणि तिला काहीतरी सुचलं होतं.

हात बाहेर काढायचाच नाही, ती म्हणाली. प्रतिबिंब फक्त आपला, आतला नळ बंद करतं. आणि बाहेरचा नळ आपोआप थांबतो. माणसाने हात लावलेला नाही, तो उघडाच आहे, तरी पाणी गेलं. तो वाकून नळात बघतो, मग आरशात बघतो. प्रतिबिंब शांतपणे घासत असतं.

मग अधिकारी हसले. आतापर्यंत ते हसले नव्हते, फक्त आवडल्याचं कळवलं होतं.

काकांनी एवढी वर्षं हेच काम केलं होतं, त्यामुळे चांगलं काय ते त्यांना लगेच कळायचं, कळायला नको असलं तरी. यात एक हालचाल कमी होती. भूत नव्हतं. आणि पाणी आपोआप थांबण्यात हातापेक्षा जास्त गंमत होती. दिग्दर्शिका पुढे उत्साहाने सांगत होती की हे करायलाही सोपं. खरा आरसा चालेल. कॅमेरा तिरका लावून पक्का बांधायचा, जराही हलवायचा नाही. एकदा माणूस नुसता घासत राहील, एकदा नळ बंद करेल. पहिल्यातला खरा माणूस घ्यायचा, दुसऱ्यातलं प्रतिबिंब घ्यायचं, आणि आरशाच्या कडेवर दोन चित्रं जोडायची. हात ती कड ओलांडत होता म्हणून तर दोन माणसं लागत होती. आता कोणी काही ओलांडत नाही. माणूस एकच पुरेल.

तुम्हाला काय वाटतं काका, असं तिने विचारलं. मनापासून विचारलं.

काका नाही म्हणू शकले असते. अधिकारी सावध होते, लेखकाने आग्रह धरला असता तर बैठक पुढे ढकलली गेली असती. रिकामी चौकट, दोन बेसिनं, पलीकडे छोट्या, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. "हे जास्त चांगलं आहे," ते म्हणाले. याबाबतीत खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं. इतर बरंच जमायचं.

आता छोट्याला कळवायला हवं होतं की येऊ नकोस. काकांनी दोन दिवस ते टाळलं. मग फोन लावला. वाक्य तयार होतं: अरे, स्क्रिप्ट बदललं, तुझी धावपळ वाचली. पण छोट्या आधी बोलायला लागला. त्याने त्या दिवसाच्या सगळ्या शिकवण्या पुढे ढकलल्या होत्या. आरशातला माणूस मीच, हे त्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं होतं आणि त्यामुळे एकाचं लक्ष उडून गाडी दुभाजकावर गेली होती. इतकं सांगून तो जरा थांबला.

"आणि मिशी काढली," तो म्हणाला. "तुला मिशी नाही ना. आरशात ती एकालाच कशी चालेल."

छोट्याला मिशी होती ती कॉलेजपासून. दाट, खाली वळलेली, रस्त्यावरच्या पोलिसांनाही ओळखीची.

काका म्हणाले, "बरं केलंस." आणि स्क्रिप्टबद्दल काहीच बोलले नाहीत.

शूटिंग एका रिकाम्या फ्लॅटमध्ये होतं. बाथरूम मोठं होतं आणि आरसा खालपर्यंत येत होता, त्यात नळही दिसायचा. सकाळी काका आधी पोहोचले. मालकांच्या हुकुमानुसार आता तेच तो एकटा पुरुष होते. त्यांनी निळा पायजमा आणि बनियन चढवलं, केस विस्कटून घेतले. भाऊ नुसता बघायला येणार आहे, असं त्यांनी दिग्दर्शिकेला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. तिने येऊ देत म्हटलं. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

छोट्या आला तेव्हा दार काकांनीच उघडलं. दोघं काही क्षण तसेच उभे राहिले.

लहानपणी यांना शिक्षक एकमेकांच्या चुकांसाठी मारायचे. आता तशी चूक आंधळ्यानेही केली नसती. छोट्या रुंद झाला होता, डोक्यावरचे केस गेले होते, आणि नाकाखाली, जिथे इतकी वर्षं ऊन पोहोचलं नव्हतं, तिथे एक गोरी पट्टी उरली होती. काका वाळले होते, चष्मा लागला होता आणि केस सगळे जागच्या जागी पांढरे झाले होते. चौकटीच्या अलीकडे आणि पलीकडे हे दोघं उभे राहिले असते, तर आरसा बिघडलाय असंच लोकांना वाटलं असतं.

"कार्बन कॉपी," दिग्दर्शिका मागून म्हणाली. नुसतीच म्हणाली.

"पूर्वी होतो," काका म्हणाले.

छोट्या पिशवी ठेवून आत गेला. बाथरूमच्या दारात त्याला समोर आरसा दिसला आणि त्यात तो स्वतः. तो दचकला. मग ओठावरून बोट फिरवलं. गेला आठवडा त्याचं असंच चाललं होतं, तो म्हणाला. गाडीच्या आरशात बघायचं झालं की वाटतं कोण हा, मागून ओव्हरटेक करतोय का काय.

दिग्दर्शिकेने मान तिरकी केली. त्याला पुन्हा एकदा दाराबाहेर जाऊन आत यायला सांगितलं. तो आला आणि पुन्हा दचकला, जरा कमी, पण खरं. मग ती काकांकडे वळली आणि फार हळुवारपणे म्हणाली की काका, तुम्ही पायजमा यांना द्या. हा माणूस आरशात बघताना खरोखर चकित होतो. हे शिकवून येत नाही.

"पण मी तर पलीकडे उभा राहणार ना?" छोट्याने विचारलं. "चौकटीच्या पलीकडे?"

चौकट वगैरे काही नाही, असं दिग्दर्शिकेने कॅमेऱ्याखालची पट्टी आवळता आवळता सांगितलं. ते सगळं कधीच बदललं. आता एकच माणूस आहे, दोन माणसं लागतच नाहीत. काकांनी सांगितलं असेल.

छोट्याने काकांकडे बघितलं. काका पायजम्याच्या नाडीची गाठ सोडवत होते. ती सुटता सुटत नव्हती.

एक काम मात्र उरलं होतं. पाणी आपोआप थांबायचं म्हणजे कोणीतरी ते थांबवायला हवं. बेसिनखालच्या पाइपावर एक छोटा व्हॉल्व्ह बसवला होता, पाव फेरीत बंद होणारा. त्यासाठी एका माणसाने बेसिनखाली आडवं व्हायचं, नेमक्या क्षणी दांडी फिरवायची आणि पाय कॅमेऱ्यात येऊ द्यायचे नाहीत. खाली वाहून जाणारं पाणी एका बादलीत जमा होत होतं आणि पंपाने परत नळाला चढत होतं. पाणी वाचवण्याची जाहिरात करताना पाणी वाया गेलं असं कोणी म्हणू नये, ही खात्याची अट होती. तेच पाणी फिरून फिरून येत होतं आणि दर खेपेला त्याला पेस्टचा वास वाढत होता.

काका अंगाने बारीक होते. ते आत मावले.

तिथून त्यांना पाइप दिसायचा, बादली दिसायची आणि भावाची पावलं दिसायची. पावलं अजून सारखीच होती. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. काकांनी आपल्या पावलांकडे बघायचा प्रयत्न केला, पण तेवढी मान वळवायला जागा नव्हती.

वर दिग्दर्शिका मोठ्याने अंक मोजत होती. आवाज सगळे नंतर भरायचे होते, त्यामुळे मोजायला हरकत नव्हती. दोन्ही वेळा ब्रश त्याच ठेक्यात हलायला हवा होता, नाहीतर जोड उघडी पडली असती. चारला प्रतिबिंब थांबतं. सातला नळ बंद करतं. म्हणजे पहिल्या चित्रणात, जिथे माणूस नुसता घासत राहतो तिथे, सातला काकांनी व्हॉल्व्ह फिरवायचा.

पहिल्यांदा त्यांनी जरा लवकर फिरवला. दुसऱ्यांदा बरोबर फिरवला, पण नळातून उरलेले थेंब पडत राहिले आणि ते कॅमेऱ्यात दिसले. नळाच्या तोंडाला जाळी बसवावी लागली. दिग्दर्शिका आणि कॅमेरावाला जाळी शोधायला बाहेरच्या खोलीत गेले. जागेवरून हलायचं नाही अशी सूचना असल्याने छोट्या तसाच उभा राहिला, कारण हलला असता तर सगळं पुन्हा जुळवावं लागलं असतं. काका खाली आडवे होते, त्यांनाही हलायचं नव्हतं.

वर थुंकल्याचा आवाज आला. बादलीत फेस पडला.

"मग बोलावलंस कशाला?" छोट्या म्हणाला. हळू म्हणाला, आरशाकडे बघत असावा.

काकांनी व्हॉल्व्हची दांडी धरून ठेवली. समोर चेहरा नव्हता, फक्त पावलं होती. पावलांना सांगणं त्यांना सोपं गेलं.

"नको येऊ सांगायलाच फोन केला होता," ते म्हणाले. "तू मिशी काढली म्हणालास."

"मिशीचं काय घेऊन बसलास. मिशी येते."

"हो."

"नुसतं ये म्हणायचं होतंस."

"कशासाठी म्हणून सांगितलं असतं?"

एका पावलाने दुसऱ्या पावलाची टाच खाजवली.

"तेही खरंच," छोट्या म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, "मलाही काही सुचत नव्हतं रे. तीन-चारदा नंबर काढला होता. एकदा तर इन्शुरन्सबद्दल विचारणार होतो. मला इन्शुरन्स नकोय."

"मग विचारायचं होतंस."

"तुला त्यातलं काही कळत नाही."

जाळी मिळाली. सगळे परत आले. छोट्याने नवी पेस्ट घेतली, दिग्दर्शिकेने मोजायला सुरुवात केली, आणि सातला काकांनी व्हॉल्व्ह फिरवला. पाणी एका क्षणात थांबलं. वर काय झालं ते त्यांना दिसलं नाही. पावलं किंचित मागे सरकली, टाचा उचलल्या गेल्या, म्हणजे तो नळात वाकून बघत होता. मग बराच वेळ काहीच हललं नाही. दिग्दर्शिका बारापर्यंत मोजून गप्प झाली आणि मग म्हणाली की हेच. असंच बघायचं होतं. तुम्ही आत्ता काय विचार करत होता?

छोट्या म्हणाला, काही नाही, पाणी कोणी बंद केलं ते माहीत असूनही जरा बघावंसं वाटलं.

तो त्याच दिवशी परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी होती, तो दुभाजकवाला. काका त्याला बसपर्यंत सोडायला गेले. आता हातात काही कारण नव्हतं, त्यामुळे वाटेत फारसं बोलणं झालं नाही. रस्त्यातल्या गाड्या छोट्या मन लावून बघत होता आणि मधूनमधून उजवा पाय जमिनीवर दाबत होता. बस आली. तो चढला, खिडकीशी बसला, काच उघडायचा प्रयत्न केला. ती उघडली नाही. काचेपलीकडून त्याने काहीतरी म्हटलं. काकांनी मान डोलावली. काय म्हणाला ते कळलं नव्हतं, पण बस सुटत होती आणि पुन्हा विचारण्यासारखंही नसावं.

फिल्म महिन्याभराने लागली. काकांनी ती घरी एकट्यानेच बघितली. खात्याला बोधचिन्ह पाच सेकंदं हवं होतं, शिवाय खाली संपर्क क्रमांक, त्यामुळे विनोदाला दहाच उरली होती. आरशातला छोट्या नळ बंद करतो, इकडचा छोट्या नळात वाकून बघतो. आणि मग आरशाकडे मान वर करतो ना करतो तोच निळं बोधचिन्ह येतं. ज्या बघण्यासाठी दिग्दर्शिकेने त्याला घेतलं होतं, ते बघणं कापलं गेलं होतं. जोड मात्र कुठेही दिसत नव्हती. एकच माणूस होता, आपल्याशीच दात घासत उभा. बेसिनखाली कोणी असेल असं वाटण्यासारखं काही नव्हतं.

काकांनी फोन हातात घेतला. जाहिरात लागली, हे सांगायला हरकत नव्हती. उत्तम कारण होतं. पण ते एकदा वापरलं की संपणार होतं, आणि पुढचं कुठून आणायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी फोन परत ठेवून दिला. उद्या करू म्हटलं. उद्याही तसाच गेला.

रविवारी दुपारी ते कपडे वाळत घालत होते तेव्हा फोन वाजला. छोट्याचं नाव बघून त्यांनी हातातला शर्ट खांद्यावर टाकला आणि घाईने फोन उचलला.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही."

"जाहिरात बघितलीस ना? कापली त्यांनी."

"बघितली. ते सांगायला नाही केला."

"मग?"

"मग काही नाही," छोट्या म्हणाला.

त्याला पुढे काही बोलायचं असेल म्हणून काका थांबले. तिकडे तोही थांबला होता. मागे गाडीचा आवाज नव्हता, कोणी शिकायला आलेलं नव्हतं. तो घरीच होता आणि त्याच्याकडेही आज काही नव्हतं. काकांच्या खांद्यावर एक ओला शर्ट राहिला होता, त्याचं पाणी पाठीवरून उतरत होतं. काहीतरी विचारावं म्हणून त्यांनी डोकं चालवून बघितलं. काही सुचलं नाही. पलीकडूनही काही येईना, पण फोन ठेवल्याचा आवाजही येईना.

काकांनी पायाने खुर्ची ओढली आणि बसले.